गर्भाशय वाढलंय, पण गाठ नाही? ॲडिनोमायोसिस असू शकतं

वज्रेश्वरी : पाळीत ओटीपोट दुखलं की गरम पाण्याने शेकायचं, ही घरोघरची सवय. शेकाने कळ कमी होते, कारण मात्र तसंच राहतं.

समजा, दोन बाळंतपणं झालेली चाळिशीतली बाई आहे. तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, गुठळ्या पडतात, वेदना दरवर्षी वाढतायत. तपासणीत गर्भाशय मोठं लागलं की घरचे म्हणतात, ‘गाठ झाली.’ पण तसंच असेल असं नाही.

फायब्रॉईड म्हणजे स्नायूची वेगळी, टणक गाठ. तिला कड असते, त्यामुळे गर्भाशय उंचसखल लागतं; दाबल्यावर सहसा दुखत नाही. ॲडिनोमायोसिसमध्ये आतलं अस्तर स्नायूच्या भिंतीत शिरतं आणि पाळीत तिथेही सुजतं. म्हणून गर्भाशय सगळीकडून सारखं फुगतं, दाबलं की दुखतं.

हा फरक उपचारात महत्त्वाचा. फायब्रॉईड सोलून काढता येतो. ॲडिनोमायोसिसला कडच नसल्याने तसं सहसा जमत नाही. तिथे आधी गोळ्या किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवतात. पाळी कायमची थांबल्यावर त्रास बहुधा ओसरतो. पिशवी काढणं हा शेवटचा पर्याय.

दोन्ही आजार एकत्रही असतात. त्यामुळे सोनोग्राफीत गाठ दिसली, तरी ‘भिंत जाड आहे का?’ हे डॉक्टरांना विचारावं. हिमोग्लोबिनही तपासून घ्यावं.