ऐकणाऱ्याची तीन मिनिटे

सोबत्याचे सादरीकरण ऐकून तोंडी अभिप्राय देणाऱ्याजवळ परीक्षकाकडे नसलेली एक गोष्ट असते. परीक्षक विषय किती आला ते मोजतो. सोबती मात्र साधा श्रोता असतो, आणि आपल्यापर्यंत काय पोहोचले, कुठे लक्ष सुटले, कुठे पुन्हा लागले हे तोच खात्रीने सांगू शकतो. बोलणाऱ्याला नेमके हेच स्वतःहून कळत नाही. विषय त्याच्या डोक्यात आधीपासूनच असल्यामुळे राहून गेलेले दुवे तो नकळत मनातच भरून काढतो. त्यामुळे सोबत्याचा अभिप्राय म्हणजे निकाल नसून ऐकणाऱ्याची साक्ष आहे, असे मानले की पुढची बरीच वाट सोपी होते.

साक्ष द्यायची तर ती ऐकतानाच टिपून ठेवावी लागते. सादरीकरण संपल्यावर आठवून बोलू लागले, की हाती फक्त एक सरसकट मत उरते: ‘छान झालं’, ‘जरा कंटाळवाणं झालं’, ‘आत्मविश्वास कमी वाटला’. कागदावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करणे पुरते. डावीकडे मिनिट आणि त्या वेळी जे दिसले किंवा ऐकू आले ते, शक्यतो बोलणाऱ्याच्याच शब्दांत. उजवीकडे त्याने ऐकणाऱ्याचे काय झाले ते. ‘घाईत बोलली’ हे डाव्या रकान्यात बसत नाही, कारण ते मत आहे. ‘तक्ता येऊन गेला, आकडे उतरवून घेता आले नाहीत’ हे बसते. दहा मिनिटांच्या सादरीकरणात अशा सातआठ नोंदी सहज होतात.

त्यातल्या सगळ्या सांगायच्या नसतात, आणि खरे कौशल्य या निवडीत आहे. नुकत्याच बोलून खाली बसलेल्या माणसाच्या छातीची धडधड अजून थांबलेली नसते. त्याला आठ सूचना दिल्या तर त्यातली बहुधा सर्वांत बोचरी तेवढी लक्षात राहते. म्हणून एक जपण्यासारखी गोष्ट आणि एक, फार तर दोन, बदलण्यासारख्या गोष्टी निवडाव्यात. निवडीची कसोटी अशी, की ही एक गोष्ट बदलली तर ऐकणाऱ्याला सर्वांत जास्त फरक जाणवेल का, आणि हातात असलेल्या वेळात ती बदलता येईल का. सादरीकरण उद्या सकाळी असेल, तर विषयाची मांडणी बदलायला सांगणे निर्दयपणाचे आहे. वक्तृत्वाच्या सरावासाठी १९२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स क्लबांमध्ये सभासदच एकमेकांच्या भाषणांचे मूल्यमापन करतात. त्यासाठी दोन ते तीन मिनिटेच मिळतात: दोन मिनिटांनी हिरवा दिवा लागतो, अडीचला पिवळा आणि तीनला लाल. वेळ इतका थोडा असला की निवड करावीच लागते.

समजा, कृषी महाविद्यालयातली एक विद्यार्थिनी शेवटच्या वर्षाच्या सेमिनारची तालीम करते आहे. टोमॅटोच्या पिकात मल्चिंग पेपर अंथरला तर खुरपणीचा खर्च किती वाचतो, हा तिचा विषय. वर्गातल्या चार मैत्रिणी ऐकायला बसल्या आहेत. पहिली दोन मिनिटे ती व्याख्या वाचून दाखवते. तिसऱ्या मिनिटाला एका वाफ्याच्या खुरपणीला किती बायका, किती दिवस आणि किती मजुरी लागली याचा हिशेब सांगते. पाचव्या मिनिटाला आलेख येतो. ‘फरक दिसतोच आहे’ एवढे म्हणून ती पुढच्या स्लाइडवर जाते. बोलताना हातातल्या पेनचे टोपण ती सारखे उघडझाप करते.

ऐकणारीपैकी एक म्हणाली, ‘मस्त झालं, फक्त आलेख जरा नीट समजाव, आणि घाबरू नकोस.’ हे बोलणे प्रेमाचे आहे, पण त्यातून सेमिनारमध्ये काहीही बदलणार नाही. ‘नीट’ म्हणजे काय ते कळत नाही, आणि ‘घाबरू नकोस’ ऐकून कोणाचीही भीती गेलेली नाही. उलट आपली भीती सगळ्यांना दिसली, एवढे मात्र तिला समजते.

दुसरीने कागदावर पाहून सांगितले: ‘तिसऱ्या मिनिटाला तू मजुरीचा हिशेब मांडलास, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा प्रयोग कशासाठी केला. तो हिशेब अजिबात काढू नकोस. आलेख आला तेव्हा कोणता रंग कशाचा हे मी शोधत होते, तेवढ्यात तू पुढे गेलीस. त्यामुळे खर्चात किती फरक पडला ते मला शेवटपर्यंत समजलं नाही. आलेख आल्यावर आधी उभ्या रेघेवर काय आहे, आडव्या रेघेवर काय आहे ते एका वाक्यात सांगशील? मग पेपर अंथरलेल्या आणि न अंथरलेल्या वाफ्याच्या पट्ट्या बोटाने दाखव, आणि फरकाचा आकडा स्वतः म्हण.’

या दुसऱ्या बोलण्यात मिनिट आहे, तिथे जे घडले ते आहे, त्याचा ऐकणारीवर झालेला परिणाम आहे आणि उद्या करता येईल अशी कृती आहे. कौतुकही तितकेच नेमके आहे. हे सौजन्यापुरते नसते: कोणता भाग चालला हे कळले नाही, तर दुरुस्तीच्या भरात तोच भाग कापला जाण्याचा धोका असतो. पेनच्या टोपणाचा उल्लेख नाही, कारण त्यामुळे कोणाचे काही समजायचे राहिले नव्हते. ‘मला समजलं नाही’ हे ‘तुला समजावता येत नाही’ याहून मऊ आहे म्हणून नव्हे, तर तेवढेच खरे आहे म्हणून योग्य. मायाळूपणा आणि अचूकपणा इथे एकच होतात.

बोट कृतीवर ठेवायचे की माणसावर, याला महत्त्व का आहे, त्याचा पुरावा संशोधनातही सापडतो. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायाच्या परिणामांवरचे पूर्वीचे अभ्यास एकत्र करून तपासले. अभिप्रायाने सरासरी सुधारणा होत होती, पण एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी उलट घसरलेली आढळली. ऐकणाऱ्याचे लक्ष कामावरून निघून स्वतःकडे वळले की अभिप्रायाचा उपयोग कमी होतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. ‘तू हुशारच आहेस’ हे कौतुकही लक्ष माणसाकडेच नेते.

एक सवय मात्र हेतू चांगला असूनही घात करते: आधी गोड बोलायचे, मग ‘पण’, मग खरे काय ते. दोनतीनदा हे ऐकलेला माणूस गोड वाक्य ऐकतच नाही, तो ‘पण’ची वाट पाहतो. दोन गोष्टी स्वतंत्र वाक्यांत, मध्ये थांबून सांगितल्या तर दोन्ही कानावर पडतात. बोलणाऱ्याला आधी विचारून घेतले, ‘तुला स्वतःला कुठे अडल्यासारखं झालं?’, तर बरेचदा तीच जागा तिच्या तोंडून निघते आणि सांगणाऱ्याला फक्त पुढची वाट सुचवावी लागते. आवाज, उच्चार किंवा बोलीविषयी काही सांगायचे असेल, तर ते चारचौघांत न सांगता बाजूला घेऊन सांगावे, आणि तेही त्यामुळे एखादा शब्द खरोखर कळला नसेल तरच.

सोबत्याच्या साक्षीला मर्यादा आहे. खुरपणीचा हिशेब बरोबर आहे का, वाफ्यांची निवड शास्त्रशुद्ध होती का, हे ठरवण्याइतके ज्ञान ऐकणारीकडे नसेल, तर ‘हा आकडा कुठून आला ते मला कळलं नाही, सरांना विचारून घेशील का?’ एवढेच तिने म्हणावे.

अभिप्राय पोहोचला की नाही, हे ‘बरं, लक्षात ठेवते’ या उत्तरावरून कळत नाही. ‘मग आता काय बदलशील?’ असे विचारल्यावर तिने स्वतःच्या शब्दांत आलेखाची पहिली दोन वाक्ये म्हणून दाखवली, तर तो पोहोचला. ती समर्थन देऊ लागली, म्हणजे वेळ कमी होता, प्रोजेक्टर अंधुक होता असे म्हणू लागली, तर तेच पुन्हा जोराने न सांगता आलेखाची तेवढी स्लाइड लावून तिथूनच एकदा बोलायला सांगावे. एका मिनिटाची ती तालीम झाली की बाकीच्या मैत्रिणींना फरकाचा आकडा विचारायचा. तो त्यांना सांगता आला, तर आलेख आता पोहोचतो आहे.