ऑर्डर ऐंशी, पैसे सत्तेचाळिसांचे

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात देऊन माल विकणारा छोटा व्यावसायिक सकाळी उठून पहिल्यांदा मेटाचं अ‍ॅड्स मॅनेजर उघडतो. तिथला एक आकडा त्याचा दिवस ठरवतो. धंद्यात त्याला ‘रोआस’ म्हणतात, म्हणजे जाहिरातीवर घातलेल्या एका रुपयामागे किती रुपयांची विक्री झाली ते. आकडा तीन दिसला की बजेट वाढतं आणि दीड दिसला की जाहिरात बंद होते.

अडचण अशी, की हा आकडा ऑर्डर मोजतो, हातात आलेले पैसे मोजत नाही. ग्राहकानं फॉर्म भरला, ‘ऑर्डर प्लेस’चं बटण दाबलं आणि आभाराचं पान उघडलं की वेबसाइटवरचा पिक्सेल मेटाला ‘खरेदी झाली’ असं कळवतो. ग्राहकानं कार्डानं पैसे भरले असतील, तर हे बऱ्याच अंशी खरं असतं. कॅश ऑन डिलिव्हरीत मात्र त्या क्षणी कुणीच काही दिलेलं नसतं. पार्सल अजून टेबलावर आहे, मग ते गावोगाव फिरणार, दारात पोचणार आणि तिथे घ्यायचं की नाही ते ठरणार.

भारतात ही पद्धत फ्लिपकार्टनं २०१० मध्ये आणली आणि ऑनलाइन खरेदी लहान गावांपर्यंत पोचली. कार्ड नसलेल्या किंवा फसवणुकीला घाबरणाऱ्या माणसाला तिनं विश्वास दिला, हे विसरून चालणार नाही. पण त्या विश्वासाची किंमत विक्रेता भरतो. ती नेमकी किती, हे बहुतेकांच्या वहीत लिहिलेलंच नसतं.

सोलापुरात सुती कुर्त्या शिवून स्वतःच्या वेबसाइटवरून विकणाऱ्या एखाद्या घरगुती व्यवसायाचा एक महिना घेऊ. आकडे उदाहरणासाठी धरलेले आहेत. ते आपापल्या बिलांतून बदलून घ्यावेत, हिशेबाची रीत मात्र हीच राहील. कुर्तीची किंमत ८९९ रुपये, तयार व्हायला खर्च ३५० रुपये. जाहिरातीवर ३०,००० रुपये गेले आणि १०० ऑर्डर आल्या. रोआस जवळजवळ ३. यातल्या २० जणांनी आधीच पैसे भरले आणि ८० जणांनी सीओडी निवडलं. प्रत्येक ऑर्डरमागे जाहिरातीचे ३०० रुपये पडले, म्हणजे सीओडीच्या वाट्याला २४,००० रुपये आले. यापुढचा हिशेब या ऐंशी ऑर्डरींचा.

पार्सल बांधण्याआधी फोन केला तेव्हा सहा जणांनी ‘नको’ सांगितलं. कुणाच्या मुलानं मोबाइलवर बटण दाबलं होतं, कुणी एकच कुर्ती दोनदा मागवली होती. राहिलेली ७४ पार्सलं निघाली. त्यातली २२ पोचलीच नाहीत आणि परत आली. कुरिअरच्या भाषेत याला आरटीओ म्हणतात. ५२ जणांनी पैसे देऊन पार्सल घेतलं, पण त्यातल्या पाच जणांनी माप बसत नाही म्हणून ते परत पाठवलं. उरल्या ४७.

ही दोन परतीची कारणं एकत्र मोजू नयेत. दारातून परत फिरलेल्या पार्सलाचा दोष बहुधा जाहिरात, पत्ता किंवा उशीर यांत असतो. ते उघडून, घालून पाहून परत आलं असेल, तर दोष कापडात, शिलाईत किंवा मापाच्या तक्त्यात शोधावा. खर्चही वेगळा. पहिल्यात कुरिअर परतीचं भाडं लावतं, दुसऱ्यात ग्राहकाच्या घरून माल उचलण्याचं जास्त भाडं पडतं आणि पैसेही परत करावे लागतात.

आता ४७ कुर्त्यांचे ४२,२५३ रुपये आले. त्यातले पाच टक्के जीएसटीचे, ते सरकारचे. ते वजा केल्यावर उरतात सुमारे ४०,२४०. त्यांना २४,००० नं भागलं की निव्वळ रोआस येतो १.६८. पडद्यावर ३ दिसत होता. (जाहिरातीवरच्या १८ टक्के जीएसटीची वजावट नोंदणीकृत विक्रेत्याला मिळते, म्हणून तो इथे धरलेला नाही.)

यावरून ‘एका रुपयाला पावणेदोन मिळाले, थोडा का होईना फायदा झाला’ असं वाटेल. तसं नाही. विकल्या गेलेल्या ४७ कुर्त्यांचा खर्च १६,४५० रुपये. चौऱ्याहत्तर पार्सलांचं जाण्याचं भाडं ६५ रुपयांप्रमाणे ४,८१०. पोचलेल्या ५२ पार्सलांवर रोख वसुलीचे ३५ रुपयांप्रमाणे १,८२०. आरटीओच्या २२ पार्सलांचं परतीचं भाडं १,२१०, घरून उचललेल्या पाचांचे ४५०, पिशव्या-लेबलांचे १,११०. परत आलेल्या २७ कुर्त्यांपैकी चार पुन्हा विकण्याजोग्या राहिल्या नाहीत, त्यांचे १,४००. हे सगळं वजा जाता हातात राहतात सुमारे १२,९९० रुपये आणि जाहिरातीवर गेले होते २४,०००. म्हणजे ११,००० रुपयांचा तोटा.

ऐंशीच्या ऐंशी ऑर्डरी पोचल्या असं धरून हाच हिशेब मांडला, तर सुमारे ७,३०० रुपयांचा नफा दिसतो. म्हणूनच विक्रेता निर्धास्तपणे पुढच्या महिन्यात बजेट दुप्पट करतो. आधी पैसे भरलेल्या वीस जणांपैकी एक पार्सल आरटीओ झालं आणि एक कुर्ती परत आली असं धरलं, तर तिथे जाहिरातीसकट सगळे खर्च भागून हजारभर रुपये उरतात. नफा तोकडा, पण नफाच.

यातून एक उपयोगी आकडा निघतो. १२,९९० ला ८० नं भागलं तर येतात १६२ रुपये. एक सीओडी ऑर्डर मिळवायला यापेक्षा जास्त जाहिरातीवर घालता येणार नाहीत. पडद्यावरच्या भाषेत सांगायचं तर या व्यवसायाला सीओडीवर ना नफा ना तोटा या पातळीला यायलाच साडेपाचच्या वर रोआस हवा. तीनवर खूश होण्यासारखं काहीच नव्हतं.

परत आलेलं पार्सल जवळून पाहिलं की खर्च कुठे मुरतो ते कळतं. पिशवीवर दोन-तीन लेबलं एकावर एक, कोपरा फाटलेला, आत कुर्तीची घडी मोडलेली. ती झटकून, इस्त्री करून, नवीन पिशवीत घालून पुन्हा साठ्यात जाते. हा वेळ वरच्या हिशेबात धरलेलाच नाही. शिवाय पार्सल जायला आणि फिरून यायला दोन-तीन आठवडे लागले, तर तेवढे दिवस ती कुर्ती दुसऱ्या कुणाला विकता येत नाही. सणाच्या तोंडावर तर हेच सगळ्यात महाग पडतं.

पार्सलासोबत कारणही येतं. ‘ग्राहक उपलब्ध नाही’, ‘फोन लागत नाही’, ‘घेण्यास नकार’, ‘पत्ता अपुरा’. कुरिअर साधारण तीनदा प्रयत्न करतं आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नाची नोंद विक्रेत्याच्या पॅनलवर त्याच दिवशी दिसते. मात्र कारणाच्या रकान्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. ग्राहकाला फोन केला तर पुष्कळदा उत्तर येतं, “मी घरीच होते, कुणी आलंच नाही.” एखाद्या पिनकोडवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हा शेरा वारंवार आणि तोही संध्याकाळी उशिरा पडत असेल, तर शंका कुरिअरवर घ्यावी, गिऱ्हाइकावर नाही.

आता जाहिरातींकडे वळू. सीओडीचे २४,००० रुपये दोन जाहिरातींवर निम्मे-निम्मे गेले असं समजा. पहिलीत मोठ्या अक्षरांत ‘फक्त आज’, मागे घड्याळ. तिनं ४६ ऑर्डर आणल्या, रोआस ३.४५. दुसरीत कापड हातात घेऊन दाखवलेलं, छातीचं आणि लांबीचं माप सांगितलेलं, किंमत सुरुवातीलाच. तिच्या ऑर्डर ३४, रोआस २.५५. अ‍ॅड्स मॅनेजर बघणारा दुसरी बंद करून पहिलीला पैसे देईल. पार्सलं जाऊन-येऊन झाल्यावर पहिलीच्या २० कुर्त्या टिकल्या आणि दुसरीच्या २७. निव्वळ रोआस अनुक्रमे १.४३ आणि १.९३. घाईत दाबलेलं बटण चार दिवसांनी दारात रोख मोजताना टिकत नाही.

त्यातून मेटाची यंत्रणा ‘खरेदी’ नोंदवणाऱ्यांसारखीच माणसं शोधत राहते. पार्सल नाकारलं गेल्याचं तिला कुणी कळवलं नाही, तर नाकारणाऱ्यांसारखीच आणखी माणसं ती इमानानं आणून देते. यावर उपाय म्हणून काही विक्रेते बटण दाबताच नोंद न पाठवता फोनवर किंवा ओटीपीनं ऑर्डर पक्की झाल्यावरच ती पाठवतात. पोचल्यावर पाठवणं जास्त खरं ठरेल. पण मेटाची नेहमीची मोजणी जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ७ दिवसांपुरतीच असते आणि नवव्या दिवशी पोचलेलं पार्सल त्यात बसत नाही. म्हणून पक्की झालेली ऑर्डर हा मधला मार्ग बरा.

निव्वळ आकडा काढायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एका शीटमध्ये ऑर्डर क्रमांक, ऑर्डरची तारीख, ती कोणत्या जाहिरातीतून आली आणि पैसे भरण्याची पद्धत हे लिहावं. जाहिरातीच्या लिंकमध्ये तिचं नाव घातलं की ते ऑर्डरबरोबर येतं. कुरिअरच्या फाइलमधून अंतिम स्थिती आणि प्रत्यक्ष लागलेलं भाडं त्याच ऑर्डर क्रमांकासमोर आणावं. नेहमी चुकते ती तारीख. या महिन्यात पोचलेला माल या महिन्याच्या जाहिरातखर्चाशी जोडला, तर गेल्या महिन्याच्या ऑर्डरी यात मिसळतात. पहिल्या आठवड्यातल्या ऑर्डरींचा हिशेब त्या सगळ्या पोचल्या किंवा परत आल्यावरच मिटवावा. त्याला तीन-चार आठवडे लागतात. तोवर दिसणारा आकडा कच्चाच असतो, कारण पोचलेली पार्सलं लवकर कळतात आणि फिरलेली उशिरा.

मग सीओडीसाठी ९९ रुपये आगाऊ घ्यावेत का? त्याच २४,००० रुपयांत ऐंशीऐवजी ५० ऑर्डर आल्या, पाच आरटीओ झाल्या, तीन कुर्त्या परत आल्या, त्यातली एक खराब निघाली आणि ४२ टिकल्या असं धरू. पडद्यावरचा रोआस १.८७ पर्यंत कोसळतो. निव्वळ रोआसही १.६८ वरून १.५० वर येतो. तरीही तोटा ११,००० वरून सुमारे ९,२०० वर उतरतो, तोही नाकारणाऱ्यांचे ९९ रुपये परत केले असं धरून. म्हणजे निव्वळ रोआस हाही अंतिम निकाल नाही. पार्सलं कमी फिरली की भाडं आणि खराबा वाचतो आणि ते भागाकारात दिसत नाही. या उदाहरणात दुखणं फक्त आरटीओचं नाही, ऑर्डरमागे जाहिरातीला पडणारे ३०० रुपयेच या कुर्तीला झेपणारे नाहीत, हेही यातून उघड होतं. तिथे दोन कुर्त्यांचा जोड विकून एका पार्सलाची रक्कम वाढवणं किंवा आधी पैसे भरणाऱ्याला ५० रुपयांची सूट देणं हे उपाय जास्त कामाचे ठरतील.

ज्यांची निम्म्याहून जास्त विक्री सीओडीवर आहे, त्यांनी जाहिरातीचं बजेट वाढवण्याआधी दीड महिन्यापूर्वीचा एक आठवडा घ्यावा, त्या आठवड्यातली प्रत्येक ऑर्डर कुठे संपली ते लिहावं आणि सीओडीचा हिशेब वेगळा काढावा. एका संध्याकाळचं काम आहे.