जड शेपटीची वितरणे : दरडींची सरासरी का ठरत नाही

आज आपण कर्जतला जमलो आहोत, तेव्हा उदाहरणही इथलंच घेऊ. पनवेल-कर्जत रेल्वेने येताना चौक स्टेशनच्या आसपास इर्शाळगडाचा सुळका दिसतो. त्याच्या उतारावर, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री वस्तीवर दरड आली. वर जायला गाडीरस्ता नव्हता, मोठी यंत्रे चढू शकली नाहीत, माणसांनी हातांनी माती उपसली. २७ मृतदेह सापडले. २३ जुलैला शोध थांबला, तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती.

त्या वेळी विधिमंडळात एक गोष्ट सांगितली गेली : हे गाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते आणि तिथे पूर्वी दरड कोसळल्याची नोंद नव्हती. दोन्ही विधाने खरी मानू. आमचा प्रश्न पुढचा आहे. पूर्वी मोठे काही झाले नाही, एवढ्यावरून पुढच्याबद्दल नेमके किती कळते? प्रश्न तर्कशास्त्राचा आहे, अनुमानाचा आहे. म्हणून आमच्यासारख्या तत्त्वज्ञान शिकवलेल्यांनी त्यात पडायला हरकत नसावी.

आधी सोपी बाजू. कर्जत लोकलच्या डब्यात शंभर प्रवासी आहेत, सरासरी वजन साठ किलो. आता दीडशे किलोचे एक गृहस्थ चढले. सरासरी किती वाढेल? एक किलोसुद्धा नाही. माणसांच्या वजनाच्या बाबतीत मागच्या डब्यावरून पुढच्या डब्याचा अंदाज बांधता येतो, कारण पाचशे किलोचा प्रवासी चढतच नाही. अशा वितरणाची शेपटी बारीक असते. टोकाला गेले की संख्या झपाट्याने शून्याकडे जाते.

दरडींचे तसे नाही. २००४ साली मालामुड, टरकॉट आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी तीन नोंदवह्या एकत्र ठेवून पाहिल्या. कॅलिफोर्नियात १९९४ च्या भूकंपाने कोसळलेल्या दरडी, इटलीतल्या उंब्रिया भागात १९९७ च्या जानेवारीत बर्फ वितळून आलेल्या, आणि ग्वाटेमालात १९९८ च्या मिच चक्रीवादळाच्या पावसाने आलेल्या. हजारो दरडी, तीन वेगळी कारणे, तीन वेगळे देश. आणि क्षेत्रफळानुसार मोजणी केली तर तिन्ही जवळपास एकाच वक्रावर बसल्या. लहान दरडींपाशी तो वक्र वळतो, पण मध्यम आकाराच्या पुढे शेपटी घातनियमाने उतरते. घातनियम म्हणजे काय? क्षेत्रफळ दहापट केले की तेवढ्या किंवा त्याहून मोठ्या दरडींची संख्या एका ठरलेल्या प्रमाणात कमी होते, आणि ते प्रमाण शेपटीत कुठेही उभे राहिलात तरी तेच. या अभ्यासात ते प्रमाण साधारण पंचविसाव्या हिश्श्याचे निघते. त्याचा घातांक १.४.

गुंठ्यांत मांडू, म्हणजे डोळ्यांपुढे येईल. समजा एखाद्या वादळी पावसात दहा गुंठ्यांहून मोठ्या एक हजार दरडी कोसळल्या. मग शंभर गुंठ्यांहून, म्हणजे साधारण हेक्टराहून, मोठ्या चाळीस. दहा हेक्टरांहून मोठ्या एक किंवा दोन. डब्यातल्या वजनांसारखी शेपटी असती तर शेवटच्या ओळीत आपण निर्धास्त शून्य लिहिले असते. इथे ते लिहिता येत नाही.

आता नीट बघा, कारण सगळी गंमत पुढच्या एका गुणाकारात आहे. (गंमत हा शब्द या विषयाला शोभत नाही, पण वर्गातली सवय.) या दरडींचे गट करू : दहा ते शंभर गुंठे, शंभर ते हजार, हजार ते दहा हजार. प्रत्येक गटात मागच्या गटाच्या पंचविसाव्या हिश्श्याइतक्या दरडी, पण प्रत्येक दरड दहापट मोठी. म्हणजे त्या गटाने झाकलेले एकूण क्षेत्र मागच्याच्या दहा भागिले पंचवीस, म्हणजे ०.४ पट. पहिल्या गटाचे एक धरले तर एक, मग ०.४, मग ०.१६. गट कितीही पुढे न्या, बेरीज पावणेदोनच्या आत थांबते. तेव्हा क्षेत्रफळाला सरासरी आहे, आणि ती सांत आहे.

सरासरीबरोबर आपण प्रचरण काढतो. प्रचरण म्हणजे सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची सरासरी. वर्ग घ्यायचा, तेव्हा दहापट दरड शंभरपट मोजली जाणार. संख्या पंचविसावा हिस्सा, वजन शंभरपट : प्रत्येक गटाचा वाटा मागच्याच्या चौपट! एक, चार, सोळा, चौसष्ट. ही बेरीज थांबत नाही. हेच ते अनंत प्रचरण. यात गूढ काही नाही. संख्या ज्या वेगाने घटते त्यापेक्षा वजन जास्त वेगाने वाढते, इतकेच. नोंदवहीवरून तुम्ही प्रचरणाचा आकडा काढाल, संगणक तो दशांश चिन्हासकट देईलही, पण तो आकडा तुमच्या वहीतल्या सर्वांत मोठ्या दरडीचा असतो. पुढची मोठी आली की बदलतो.

अजून एक पायरी आहे. घरावर क्षेत्रफळ कोसळत नाही, माती-दगड कोसळतात. घनफळ मोजायला हवे. दरड रुंद झाली की खोलही होते, म्हणून घनफळ क्षेत्रफळापेक्षा वेगाने वाढते. त्याच्या मोजण्या झालेल्या आहेत. दरड नुसत्या वरच्या मातीच्या थरातली असेल तर घनफळ क्षेत्रफळाच्या साधारण १.१ ते १.३ व्या घाताने वाढते. खालचा खडकही घेऊन आली तर १.३ ते १.६ व्या घाताने. मधला दीड घेऊ. क्षेत्र दहापट, तर घनफळ साधारण तीसपट. आता पुन्हा तोच गुणाकार : संख्या पंचविसावा हिस्सा, घनफळ तीसपट. गटाचा वाटा मागच्याच्या १.२ पट. सरासरीचीच बेरीज थांबेना!

तेच डोंगर, त्याच दरडी. गुंठ्यांत मोजल्या तर सरासरी आहे, घनमीटरांत मोजल्या तर नाही. दोन्हींमधली सीमारेषाही काढता येते. घनफळाचा घात १.४ असेल तर दहापट क्षेत्राला बरोबर पंचवीसपट घनफळ, आणि प्रत्येक गटाचा वाटा सारखाच. मातीची दरड या रेषेच्या अलीकडे राहते, खडकाची पलीकडे जाऊ शकते.

इथे कोणी तरी म्हणेलच, प्राध्यापक, डोंगर तर सांत आहे, मग अनंत सरासरी आली कुठून? आक्षेप योग्य आहे. इर्शाळगडापेक्षा मोठी दरड इर्शाळगडावरून येणार नाही. बेरीज कुठे तरी तुटते, म्हणून प्रत्यक्षात सरासरी सांतच असते. पण ती कोणता आकडा असेल हे कशाने ठरते ते पाहा. वाटा प्रत्येक गटात वाढतोच आहे, तेव्हा सरासरी ठरते शेवटच्या गटाने, म्हणजे डोंगर जास्तीत जास्त किती देऊ शकतो त्याने. आणि वहीत नेमका तोच गट रिकामा असतो. ‘सरासरी अनंत आहे’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ आमच्या मते हाच : सरासरी शोधायला नोंदवहीकडे जाऊ नका, उताराकडे जा. मातीचा थर किती जाड, खडक कुठे फुटलेला, पाणी कुठे मुरते, खाली घरे कुठे आहेत. इर्शाळवाडीच्या कोऱ्या नोंदीत यातले काहीच लिहिलेले नव्हते.

ऐंशी-वीसचा नियम तुम्ही ऐकलेला असतो. वीस टक्के लोकांकडे ऐंशी टक्के संपत्ती वगैरे. व्हिल्फ्रेदो पारेतोने १८९६-९७ च्या ग्रंथात उत्पन्नांची शेपटी घातनियमाने उतरते असे दाखवले. ‘पारेतोचे तत्त्व’ हे नाव गुणवत्ता-नियंत्रणवाले जोसेफ जुरान यांनी विसाव्या शतकात रूढ केले. ऐंशी आणि वीस मिळून शंभर होतात याला काही महत्त्व नाही, तो योगायोग आहे. महत्त्व घातांकाला. घातांक १.१६ च्या आसपास असला की वरचे वीस टक्के ऐंशी टक्के घेतात. आपल्या दरडींच्या १.४ ला सर्वांत मोठ्या वीस टक्के दरडी साधारण ६३ टक्के क्षेत्र झाकतात. पण घातांक एकच्या खाली गेला, जसा दीड घाताने घनफळाचा जातो, तर ‘वीस टक्क्यांचा वाटा’ हा ठरलेला आकडाच उरत नाही. नोंद वाढवत जा, वाटा शंभराकडे सरकत जातो. म्हणून कोणी दहा वर्षांच्या नोंदीवरून ‘आमच्याकडे सत्तर-वीस आहे’ असे सांगितले, तर घातांक विचारावा.

हातातली आकडेवारी कोणत्या जातीची आहे हे ओळखायचे कसे? आम्हाला आवडणारी एक साधी तपासणी आहे. नोंदी क्रमाने घेत जा आणि प्रत्येक वेळी सर्वांत मोठ्या नोंदीला आतापर्यंतच्या बेरजेने भागा. सरासरी सांत असेल तर हा भागाकार शून्याकडे घसरत जातो. नसेल तर घसरतो, मग एखाद्या नोंदीला एकदम उसळतो, पुन्हा घसरतो, पुन्हा उसळतो. प्रचरण तपासायचे तर हेच नोंदींचे वर्ग घेऊन करा. लॉग-लॉग कागदावर सरळ रेषा आली एवढ्यावर मात्र भाळू नका. थोड्या पल्ल्यात दुसरी वितरणेही सरळ दिसतात. शिवाय १.४ हा आकडा परदेशी डोंगरांचा आहे. सह्याद्रीच्या बेसाल्टवरच्या मातीसाठी तो इथल्या नोंदींवरूनच काढावा लागेल.

आपल्या रायगडात दरडबळींचा विचार केला की तीन पावसाळे आठवतात. २००५ चा जुलै, महाड तालुक्यातली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते. २०२१ चा जुलै, तळिये. आणि २०२३, इर्शाळवाडी. मधल्या वर्षांत दरडी कोसळल्या नाहीत असे नाही. रस्ते अडले, बोरघाटात दगड आले. पण बेरजेत ती वर्षे जवळजवळ दिसत नाहीत. २००६ ते २०२० एवढीच वही ज्याच्या हातात होती, त्याची सरासरी खूपच कमी आली असती, आणि त्याच्या गणितात एकही चूक सापडली नसती. जड शेपटीत बहुतेक वह्या खऱ्यापेक्षा कमीच दाखवतात. जास्त दाखवते ती एखादीच.

एक शेवटचा प्रश्न व्याख्यानाआधीच चिठ्ठीवर आला आहे : ‘मग किती वर्षांची नोंद पुरेशी?’ प्रचरण सांत असते तेव्हा सरासरीतली चूक निम्मी करायला चौपट नोंदी लागतात. घातांक १.४ असेल तर साधारण अकरापट. म्हणजे वीस पावसाळ्यांच्या वहीतून क्षेत्रफळाच्या सरासरीत जेवढी चूक राहते, ती निम्म्यावर आणायला सव्वादोनशे पावसाळे हवेत, आणि तेही डोंगर, जंगल, पाऊस सगळे तोवर जसेच्या तसे राहिले तर. घातांक एकच्या खाली असलेल्या घनफळासाठी असा आकडा देता येत नाही. तिथे नोंद वाढेल तशी सरासरीही वर सरकत राहते, डोंगर संपेपर्यंत.