पावसाळ्यात कोणतं कापड लवकर वाळतं? विकताना तराजूवर दाखवा

नांदेड-लातूरच्या कापड दुकानात मे महिन्यात गिऱ्हाईक म्हणतं, "गरम होऊ नये असं द्या." तेच गिऱ्हाईक जुलैत म्हणतं, "वाळत नाही हो तुमचं कॉटन." कापड तेच, हवा बदलली. मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, जाड सुतीसुद्धा तासा-दीड तासात वाळतं. पावसाळ्यात हवेत आधीच ओल असते, मग कापडातलं पाणी उडायला वेळ लागतो.

आता खरी गोष्ट ऐका. ओल्या कापडावरून पाणी उडण्याचा वेग सुती काय, पॉलिएस्टर काय, जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो पिळल्यानंतर कापडात किती पाणी उरलं यावर. सुताचा धागा पाणी पितो. पॉलिएस्टरचा धागा जवळजवळ पीत नाही, पाणी फक्त विणीत अडकतं. म्हणून पॉलिएस्टर लवकर वाळतं, पण घामही शोषत नाही. घट्ट विणीचं असेल तर पाठीला चिकटतं.

एक चाचणी करून बघा. नवीन कापडाला खळ असते, म्हणून आधी एकदा धुऊन वाळवा. मग ५० बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा डिजिटल काट्यावर मोजा. वजनाला ४ ने गुणलं की जीएसएम मिळतो. ३० ग्रॅम भरला तर १२० जीएसएम. आता भिजवा, घट्ट पिळा, परत मोजा. समजा ५४ ग्रॅम भरला, म्हणजे २४ ग्रॅम पाणी. १८० जीएसएमचा सुती तुकडा ४५ ग्रॅमचा असतो, त्याच हिशोबाने तो ३६ ग्रॅम पाणी धरेल. पहिला चार तासांत वाळला, तर हा सहा तास घेईल. दोन्ही शंभर टक्के कॉटनच, बरं का! पावसाळ्यासाठी आधी जाडी बघा, धागा नंतर.

सगळ्यात जास्त फसगत रेयॉनच्या कुर्तीत होते. हाताला गार लागते म्हणून "समर कॉटन" म्हणून खपते. पण रेयॉन सुतापेक्षा जास्त पाणी पितो आणि ओला असताना कमजोर होतो. पिळताना शिवण उसवली की तक्रार तुमच्याच काउंटरवर येणार.

खादीचंही तसंच. ज्या नांदेडात राष्ट्रध्वज तयार होतात, तिथं खादीचं कौतुक मी काय सांगू? पण जाड खादी उन्हाळ्यात विका, श्रावणात पातळ काढा.

आता एक ऑर्डर घ्या. हॉटेलातल्या पोऱ्यांचे शर्ट, प्रत्येकी दोनच जोड, रात्री धुऊन सकाळी घालायचे. इथं मी १८० चं कॉटन देणार नाही. १०० ते ११० जीएसएमचं, थोड्या सैल विणीचं कॉटन किंवा कॉटन जास्त असलेलं मिक्स देईन. विण बघायला कापड तोंडाशी धरून फुंकर मारा, पलीकडे तळहाताला हवा लागली पाहिजे. पॉलिएस्टर जास्त असलेलं मिक्स टिकेल, वाळेलही लवकर. पण भट्टीपुढं उभा राहणारा पोरगा ते दुपारपर्यंत अंगावर ठेवणार नाही.