चिकनला चढवलेली खळ

घरी चायनीज पद्धतीचं चिकन परतायला घेतलं की काय बिघडलं ते पहिल्या दोन मिनिटांत कढईतच दिसतं. तुकडे टाकल्यावर चर्रर्र आवाज येतो, मग तो हळूहळू मंदावतो आणि कढईच्या तळाशी पांढुरकं पाणी साचू लागतं. आता ते चिकन परतलं जात नसतं, स्वतःच्याच पाण्यात उकडत असतं. पाणी आटेपर्यंत आपण वाट बघतो आणि ते आटतं तेव्हा तुकडे खोडरबरासारखे झालेले असतात. माझं हे असं बरीच वर्षं होत आलं, आणि दोष मी प्रत्येक वेळी चिकनवाल्याला दिला. तो बिचारा निर्दोष होता.

रेस्टॉरंटमधल्या तुकड्यांना जो गुळगुळीत लुसलुशीतपणा असतो, तो कढईवर जाण्याआधीच आलेला असतो. चिनी स्वयंपाकात या क्रियेला ‘शांग जियांग’ म्हणतात. ‘जियांग’ म्हणजे पिठाची पेज. आणि गंमत म्हणजे सुताला किंवा कापडाला खळ देण्यालाही चिनी भाषेत हाच शब्द आहे. मांसाला खळ चढवायची, असाच त्याचा अर्थ. इंग्रजीत याला ‘वेल्व्हेटिंग’ म्हणतात, म्हणजे मखमली करणं. आयरीन कुओ यांच्या १९७७ मधल्या चिनी पाककलेच्या पुस्तकामुळे हा शब्द रुळला असं मानलं जातं. मला विचाराल तर मखमलीपेक्षा खळच जास्त नेमकी आहे.

आधी तुकडा चिवट का होतो ते पाहू. मांसाच्या तंतूंमध्ये प्रथिनांची जाळी असते आणि तिच्यात पाणी धरलेलं असतं. मांसाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. आच लागली की ही प्रथिनं आक्रसतात. साधारण ५० अंश सेल्सिअसला सुरुवात होते आणि ६५ अंशांच्या पुढे जाळी ओला टॉवेल पिळल्यासारखं पाणी बाहेर टाकते. मोठ्या आचेवर पातळ तुकड्याला तिथवर पोचायला मिनिटभरही लागत नाही. म्हणजे मऊपणाचा प्रश्न खरं तर पाण्याचा आहे: ते आत कसं ठेवायचं?

खायचा सोडा हे काम आतून करतो. प्राणी जिवंत असताना त्याचे स्नायू जवळजवळ उदासीन असतात, ना आम्ल ना अल्कली, म्हणजे पीएच ७ च्या आसपास. मारल्यानंतर स्नायूंतल्या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं आणि हा आकडा साडेपाच-पावणेसहापर्यंत उतरतो. प्रथिनांच्या दृष्टीनं ही वाईट जागा. इथं त्यांच्यावरचे धन आणि ऋण विद्युतभार जवळपास सारखे होतात, त्यामुळे ती एकमेकांना बिलगून बसतात आणि मध्ये पाण्याला जागा उरत नाही. सोडा अल्कली असल्यामुळे पीएच वर चढतो, प्रथिनांवर ऋण भार वाढतो आणि ती एकमेकांना दूर लोटू लागतात. जाळी सैल होते. नंतर आच लागली तरी तिला तितकं घट्ट आवळता येत नाही. मटणाला कच्ची पपई लावतो तेव्हा घडतं ते वेगळं. पपईतलं एन्झाइम प्रथिनं कापतंच. सोडा काही कापत नाही, फक्त बिलगू देत नाही.

कॉर्नफ्लोअर बाहेरून काम करतं. ६५-७० अंशांच्या सुमारास त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि तुकड्याभोवती पातळ, बुळबुळीत थर धरतात. कढईचा चटका आधी या थराला बसतो, आतून सुटणारं पाणी थोडंफार यातच अडकतं आणि सॉसही यालाच चिकटतो. मांस स्वतः मऊ होण्याआधी जिभेला जो मऊपणा लागतो तो बराचसा या थराचा. हे आपल्याकडच्या मंचुरियनच्या जाड पिठात घोळवण्यासारखं नाही. खळ दिसता कामा नये.

आता पाव किलो बोनलेस चिकन ब्रेस्ट घ्या. अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवलं तर जरा घट्ट होऊन कापायला सोपं जातं. त्यातल्या धाग्यांची दिशा बघा आणि त्यांना आडवे, चार-पाच मिलिमीटर जाडीचे काप करा. काप उभे झाले तर लांब धागे दाताखाली तसेच येतात आणि पुढचं काहीही मदतीला येत नाही. पाव चहाचा चमचा खायचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून कापांना चोळा. कोरडा भुरभुरवला तर एका जागी जास्त बसतो. वीस मिनिटं ठेवा. मग गार पाण्यानं दोनदा धुवा आणि कापडानं किंवा टिश्यूनं अगदी कोरडे करा.

यानंतर खळ: चिमूटभर मीठ, एक चहाचा चमचा सोया सॉस, दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लोअर, एक मोठा चमचा पाणी आणि शेवटी एक चहाचा चमचा तेल. हातानं कालवत राहा. भांड्याच्या तळाशी पाणी उरलं नाही आणि काप चकचकीत, किंचित चिकट लागले की झालं. अजून पंधरा मिनिटं थांबा. जुन्या पद्धतीत पाण्याच्या जागी अंड्याचा पांढरा बलक घालतात, आणि तो निसर्गतःच अल्कली असतो. सोड्याची थोडी कामगिरी तो गुपचूप करतच होता म्हणायची.

रेस्टॉरंटमध्ये हे काप भरपूर कोमट-गरम तेलातून अर्धा-एक मिनिट काढून घेतात. घरी एवढं तेल कोण तापवणार? उकळत्या पाण्यात चमचाभर तेल घाला, आच कमी करा, काप सुटे सुटे सोडा आणि बाहेरून पांढरे झाले की साधारण मिनिटाभरात झाऱ्यानं निथळून घ्या. ते आतून अजून कच्चे असतात, म्हणून लगेच धूर येईल इतक्या तापलेल्या कढईत दोन घाण्यांत परता. मधून एक काप तोडून बघा. आत गुलाबी दिसता कामा नये. भाज्या आणि सॉस शेवटी. आता तळाशी पाणी साचणार नाही. सोडा लावलेलं मांस लवकर तांबूसही होतं, कारण अल्कलीत ती क्रिया वेगानं होते.

फसतं ते बहुतेक सोड्याच्या हातानं. तो जास्त झाला किंवा रात्रभर राहिला की चिकन साबणासारखं लागतं आणि तुकडा स्पंजासारखा दबतो, त्याला मांसाचा चावाच राहत नाही. सोड्याऐवजी बेकिंग पावडर किंवा फ्रूट सॉल्ट चालणार नाही, त्यांत आम्लही मिसळलेलं असतं. त्याच कारणानं आपल्या सवयीचं लिंबू किंवा दही सोड्याबरोबर लावू नका: फसफस होते आणि सोडा तिथंच संपतो. व्हिनेगर हवं तर सॉसमध्ये.

तसं पाहिलं तर ब्रेस्टला बहुतेक वेळा नुसती खळ पुरते. सोड्याची खरी गरज बीफच्या किंवा मटणाच्या पातळ कापांना असते. तिथं पाव किलोला अर्ध्या चमच्यापर्यंत जाता येईल. पण हे सगळं पातळ काप आणि मोठी आच यांच्यापुरतंच. हाडाच्या मटणाच्या रश्शात सोडा घालून काही साधत नाही. तिथला चिवटपणा कोलॅजनचा असतो आणि तो मंद आचेवर तास-दीड तास शिजल्याशिवाय सुटत नाही.