इलेक्ट्रेट मायक्रोफोनला जोड लागते ती कशी?

इलेक्ट्रेट मायक्रोफोनच्या छोट्या डबीत कायम विद्युतभारित थर असतो आणि त्यामागे एक फेट ट्रान्झिस्टर. 1962 मध्ये बेल लॅब्जच्या गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी हा प्रकार विकसित केला. थराला बाहेरून व्होल्टेज लागत नाही, पण फेटला लागते. ते बायस रोधातून मिळते आणि आवाजाचा सिग्नलही त्याच रोधावर उमटतो.

5 व्होल्टवर चालणाऱ्या, 10 बिटच्या रेकॉर्डिंग सर्किटचे उदाहरण घेऊ. त्याची एक पायरी सुमारे 4.9 मिलिव्होल्टची. उलट −44 डेसिबल संवेदनशीलतेच्या मायक्रोफोनपाशी बोलण्याचा आवाज 70 डेसिबल असेल, तर सिग्नल जेमतेम 0.4 मिलिव्होल्ट भरतो. एक पायरीही ओलांडली जात नाही.

बायस रोध 2.2 किलोओहम ठेवावा. मात्र तो थेट पुरवठ्याला जोडला, तर पुरवठ्यातली खरखर जवळजवळ पूर्णपणे सिग्नलमध्ये उतरते आणि पुढे तीही वाढवली जाते. म्हणून आधी 1 किलोओहमचा रोध घालून त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडपर्यंत 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. मायक्रोफोन 0.3 मिलिअँपिअर घेत असेल, तर त्याच्या टोकावर सुमारे 4 व्होल्ट दिसतात. मल्टिमीटरने हे आधी तपासावे. पूर्ण पुरवठा दिसला तर मायक्रोफोनमधून प्रवाहच जात नाही. शून्याच्या आसपास दिसले, तर टोके उलटी जोडली आहेत किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. डबीच्या धातूशी जोडलेले टोक ग्राउंडचे असते.

हे 4 व्होल्ट ऑप-अँपपर्यंत जाऊ नयेत, यासाठी मध्ये कपलिंग कपॅसिटर येतो. ऑप-अँपच्या इनपुटला त्याच गाळलेल्या पुरवठ्यातून, 100 किलोओहमच्या दोन रोधांनी, मधले व्होल्टेज देतात. सिग्नलला हे दोन रोध मिळून 50 किलोओहम भासतात. बायस रोध धरून 47 नॅनोफॅरडचा कपॅसिटर 65 हर्ट्झच्या खालचे स्वर कमी करतो, म्हणजे बोलणे राहते आणि पंख्याची घरघर घटते. फिल्म कपॅसिटर इथे बरा, कारण काही सिरॅमिक कपॅसिटर हादऱ्यांनी स्वतःच सिग्नल निर्माण करतात.

गेन मोठ्यात मोठ्या आवाजावरून ठरवावा. 94 डेसिबलला शिखर 9 मिलिव्होल्टचे. 200 पट वाढवल्यावर ते 1.8 व्होल्ट होते आणि मधल्या 2.3 व्होल्टच्या दोन्ही बाजूंना मावते. त्यासाठी फीडबॅकमध्ये 200 किलोओहम आणि ग्राउंडकडे 1 किलोओहम लागतो. या दुसऱ्या रोधाला 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसर जोडलाच पाहिजे, नाहीतर मधले 2.3 व्होल्टही 200 पट होऊ पाहतात आणि आउटपुट वरच्या टोकाला चिकटून बसते.

ऑप-अँप रेल-टू-रेल असावा. सर्वत्र मिळणाऱ्या LM358 चे आउटपुट 5 व्होल्टवर साधारण 3.5 व्होल्टच्या वर जात नाही, त्यामुळे मोठ्या आवाजाची लहर वरून कापली जाते. शिवाय 1 मेगाहर्ट्झचा ऑप-अँप 200 पट गेनवर फक्त 5 किलोहर्ट्झपर्यंत पोचतो. बोलण्याला ते चालते. संगीतासाठी मात्र गेन दोन टप्प्यांत वाटावा लागतो.