चूक सांगणाऱ्याचा गौरव

दिनांक 10 ऑगस्ट 1979 रोजी सकाळी श्रीहरिकोटा येथून भारताच्या पहिल्या उपग्रहवाहक अग्निबाणाने, म्हणजे एसएलव्ही-3 ने, उड्डाण केले. हा अग्निबाण 23 मीटर उंचीचा व चार टप्प्यांचा होता. पहिल्या टप्प्याने आपले काम चोख बजावले. दुसऱ्या टप्प्यात मात्र अग्निबाणावरील नियंत्रण सुटले आणि 317 सेकंदांनंतर त्याचे अवशेष बंगालच्या उपसागरात कोसळले. या मोहिमेचे संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. पुढे त्यांनी ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रात या अपयशाची व त्यानंतरच्या चौकशीची हकीकत सांगितली आहे.

अपयशाचे तांत्रिक कारण लवकरच हाती आले. दुसऱ्या टप्प्यात अग्निबाणाची दिशा सांभाळण्यासाठी दोन द्रव वापरले जात. एक इंधन, आणि दुसरे त्याच्या ज्वलनाला लागणारे तांबडे धूमायमान नायट्रिक आम्ल. दोन्ही एकत्र आले म्हणजे वायूचा झोत निर्माण होऊन अग्निबाण योग्य दिशेस वळे. उड्डाणाला 8 मिनिटे असताना आम्लाच्या टाकीवरील विद्युतचलित झडपेस पहिली आज्ञा मिळाली. झडपेत कचरा अडकल्याने ती त्यानंतर उघडीच राहिली व बरेचसे आम्ल वाहून गेले. पुढे नियंत्रणाची गरज भासली तेव्हा केवळ इंधनच बाहेर आले, आणि एकट्या इंधनाने बल निर्माण होईना.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे अध्यक्ष सतीश धवन यांच्यासमोर वरिष्ठ शास्त्रज्ञांच्या बैठकीत हा निष्कर्ष मांडण्यात आला. तो सर्वांना पटला. प्रकरण तेथेच संपले असते. परंतु कलाम यांचे समाधान झाले नव्हते. ते उभे राहिले व त्यांनी सांगितले की, उड्डाणापूर्वीच्या अखेरच्या मिनिटांत आम्लाची गळती लक्षात आली होती; ती किरकोळ आहे असा निर्णय आपणच घेतला; वस्तुतः आपण उड्डाण थांबवावयास हवे होते, म्हणून या अपयशाची जबाबदारी आपली आहे.

या निवेदनाने बैठकीला जे मिळाले त्याचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. उघडी राहिलेली झडप नोंदींवरून व तपासणीवरून शोधून काढता येते. परंतु गळती दिसत असूनही ती क्षुल्लक का ठरविली गेली, हे कोणत्याही यंत्राच्या नोंदीत उमटत नाही. ते ज्याने निर्णय घेतला त्याच्याच तोंडून कळू शकते. झडप स्वच्छ करून पहिला दोष दूर होईल. दुसरा दोष, म्हणजे इशाऱ्याकडे काणाडोळा करण्याची प्रवृत्ती, तशीच राहील व पुढच्या वेळी एखाद्या निराळ्या भागातून प्रकट होईल.

असे सांगणाऱ्याला सहकाऱ्यांनी काय प्रत्युत्तर द्यावे? “काही बिघडले नाही” असे म्हणणे सोपे असते; पण ते असत्य होते, कारण अग्निबाण समुद्राच्या तळाशी गेला होता. विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक ब्रह्म प्रकाश यांनी निराळा मार्ग धरला. आपण आता कलामांनाच कक्षेत पाठविणार आहोत, अशा अर्थाचे उद्गार काढून ते उठले व बैठक संपल्याचे सूचित झाले. त्यांच्या विनोदात दोन गोष्टी होत्या: कबुली ऐकली गेली आहे, आणि कबुली देणाऱ्यावरचा विश्वास ढळलेला नाही.

शब्दांपेक्षा त्यानंतरची कृती अधिक बोलकी ठरली. कलाम यांच्याकडून काम काढून घेण्यात आले नाही. चूक सांगणाऱ्याचे काम गेले असते, तर तोंडभर स्तुती होऊनही इतर सर्वांनी एकच धडा घेतला असता, तो म्हणजे गप्प राहण्याचा. येथे चूक ज्याला सर्वांत जवळून ठाऊक होती, त्याच्याच हाती ती सुधारण्याचे काम राहिले. दिनांक 18 जुलै 1980 रोजी दुसऱ्या एसएलव्ही-3 ने 35 किलोग्रॅम वजनाचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. कलाम यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, अपयशाच्या दिवशी वार्ताहरांना स्वतः सामोरे गेलेल्या धवन यांनी यशाच्या दिवशी मात्र कलामांना पुढे केले.

एक मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. ही कबुली पुढच्या उड्डाणासाठी वेळेवर आली. 10 ऑगस्टच्या उड्डाणासाठी नव्हे. त्या उड्डाणाला उपयोगी पडणारी वेळ शेवटच्या आठ मिनिटांतच होती. त्या वेळी शंका बोलून दाखविणे, आणि ती खोटी ठरून उड्डाण विनाकारण लांबले तरीही बोलणाऱ्याचा गौरव करणे, हे अधिक कठीण असते. कारण तेव्हा टळलेला अपघात कोणालाच दिसत नाही.